नकाशासंग्रह समोर ठेवून भूगोलाचा पेपर

माझी भाची जर्मनीत शिकते. तिच्या गणितासमोर '१' पाहून तिची आजी घाबरलीच! तिथे शाळेत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे नापास, हे आजींना पटवायला बराच वेळ लागला.

पण मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तिथली आपल्या बारावीसारखी परीक्षा म्हणजे 'आबिटूर'. एकूण गुण ९००. त्यातले ६०० शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गकामाचे आणि अंतिम परीक्षेचे फक्त ३००. हे वर्षभराचे गुण शिक्षकच देतात, पण त्यामागे वर्गात लिहिलेले, तपासून मुलांना परत दिलेले पेपर असतात. कुणी विचारलं तर दाखवता येतात.

आपल्याकडेही दहावीला भाषेत २० गुण शाळेच्या हातात असतात की! पण ते कसे दिले जातात हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ३५ हवेत. शाळेने २० पैकी २० दिले की लेखीत ८० पैकी १५ पुरतात. लेखीत १६ आणि अंतर्गत २० असं दिसलं, की समजायचं, इथे मूल्यमापन झालेलं नाही, मदत झालेली आहे.

आबिटूरला भूगोलाच्या पेपरात नकाशासंग्रह जवळ ठेवायची मुभा असते. हे वाचून मी आठवीच्या वर्गात पुस्तक उघडं ठेवून चाचणी घेतली. 'पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय?' असं विचारून उपयोग नव्हता, व्याख्या पुस्तकातच आहे. म्हणून पावसाचे तीन स्तंभालेख दिले, नावं न लिहिता. महाबळेश्वर, वाई, फलटण यांतला कोणता कुणाचा, ते कारणासह लिहा.

पहिली दहा मिनिटं नुसती पानं उलटल्याचा आवाज! एरवी पहिल्या येणाऱ्या मुलीने व्याख्या जशीच्या तशी उतरवली आणि आलेखांना हातच लावला नाही. बऱ्याच जणांनी वाईला महाबळेश्वरएवढाच पाऊस दिला, का तर 'बाई, जवळ आहे ना!' सह्याद्रीचा माथा ओलांडला की पाऊस झपाट्याने कमी होतो, हे त्यांना पाठ होतं, पण नकाशावर वाई माथ्याच्या पूर्वेला आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. मागच्या बाकावरच्या, एरवी जेमतेम पास होणाऱ्या मुलाने मात्र तिन्ही बरोबर ओळखली. त्याचे मामा फलटणचे, तिथे उन्हाळ्यात टँकर येतो, हे त्याने उत्तरातच लिहिलं होतं. मी पूर्ण गुण दिले.

एक पालक म्हणाले, "पुस्तक दिल्यावर अभ्यास कोण करणार?" मी त्यांना त्यांच्याच मुलाचा पेपर दाखवला. ज्याला धडा कुठे काय सांगतो हेच माहीत नाही, त्याचा सगळा वेळ शोधण्यात जातो.

पुढच्या चाचणीला पुस्तक नाही, स्वतःच्या हाताने लिहिलेलं एकच पान आणायचं. त्या पानावर काय घ्यायचं, यावरून वर्गात आत्ताच वाद सुरू झालेत.