तीन नंबरचं बटण

मागच्या शनिवारी काही लिहिलं नाही, कारण आख्खा शनिवार मी लाल चौकोन काढत बसलो होतो. हसू नका. चौकोन काढणं हे काही इंजिनिअरचं काम नाही असं मलाही वाटायचं. पण या चौकोनांपायी एका बाईंना रात्री साडेनऊपर्यंत कॅश मोजत बसावं लागलं, तेव्हापासून माझं मत बदललंय.

तर झालं असं. एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेला आम्ही पावती नोंदवायचा प्रोग्रॅम दिला. जुना प्रोग्रॅम काळ्या पडद्याचा होता, नवा ब्राउझरमध्ये चालतो. मी एकदा जाऊन शिकवून आलो आणि मागाहून पॉवरपॉइंटची चौदा स्लाइड्सची फाइल पाठवली. प्रत्येक स्लाइडवर स्क्रीनशॉट, त्यावर लाल चौकोन आणि चौकोनाशेजारी गोलात आकडे. दिसायला झकास. साहेबांनीही "छान केलंयस" म्हटलं.

सातवी स्लाइड पावतीची होती. त्या स्क्रीनवर वर `A/c No`, त्याखाली `Amount` आणि उजव्या बाजूला एकाखाली एक तीन बटणं: `Post`, `Save`, `Print`. मी वरून खाली आकडे देत गेलो. 1 खातेनंबर, 2 रक्कम, 3 `Post`, 4 `Save`, 5 `Print`. माझ्या डोक्यात ही नुसती ओळख होती, नव्या मिक्सरच्या पुस्तकात भांडं, झाकण, पातं यांना आकडे दिलेले असतात तशी. खरा क्रम मी स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिला होता: आधी `Save`, मग कच्ची पावती छापून रक्कम ताडून बघा, आणि सगळ्यात शेवटी `Post`. कारण `Post` दाबलं की नोंद थेट खतावणीत जाते. नंतर ती दुरुस्त करता येत नाही, उलटी नोंद करावी लागते.

एका सोमवारी रात्री पावणेआठला फोन आला. काउंटरवरच्या कॅशियर मॅडम. आवाज रडवेला.

"दादा, कॅश जुळत नाहीये. चाळीस हजार पाचशे कमी येतायत."

त्या अकरा वर्षं त्या काउंटरवर आहेत. त्यांच्या संस्थेत तूट आली तर ती कॅशियरने भरायची असा दंडक आहे. चाळीस हजार म्हणजे त्यांचा दोन महिन्यांचा पगार. मी लॅपटॉप उघडेपर्यंत तिथले जुने अकाउंटंट काका फोनवर आले आणि शांतपणे म्हणाले, "अहो, फरकाला नऊने भागा. पूर्ण भाग जातोय. कोणीतरी शून्य जास्त मारलंय."

40,500 भागिले 9 म्हणजे 4,500. एखाद्या रकमेला चुकून एक शून्य जास्त लागलं तर फरक हा मूळ रकमेच्या बरोबर नऊपट येतो. हा हिशेबनीसांचा जुना ठोकताळा, मला तोवर ठाऊक नव्हता. 4,500 ची पावती शोधली, ती 45,000 म्हणून नोंदली गेली होती. उलटी नोंद, नवी नोंद, पुन्हा मोजणी, असं करत साडेनऊ वाजले. पैसे कुठेही गेले नव्हते.

मी मॅडमना विचारलं, "पण `Post` करायच्या आधी पावती बघितली नाहीत का?"

"बघणार कशी? तुमच्या कागदावर तीन नंबरला `Post` आहे, आणि छपाई पाच नंबरला. मी नंबराप्रमाणेच गेले हो."

यावर मी काय बोलणार?

`Post` सगळ्यात वर ठेवणं ही प्रोग्रॅमचीच चूक, आणि तीही आमचीच. आता ते बटण खाली गेलंय. पण मॅडमना चुकीचा रस्ता दाखवला तो माझ्या आकड्यांनी. चित्रावरचा आकडा दोन अर्थांनी वापरता येतो: एक 'हा भाग अमुक', दुसरा 'आता हे करा'. शिकवायच्या स्लाइडवर वाचणारा कायम दुसराच अर्थ घेतो, कारण त्याचा एक हात माउसवर असतो. तळाची ओळ तो वाचत नाही. तो आकडा बघतो, दाबतो, पुढचा आकडा शोधतो. भागांची नावं सांगायचीच असतील तर अ, ब, क वापरावं. आकडे फक्त कृतींसाठी राखून ठेवायचे, आणि एका आकड्याला एकच कृती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छापून घेतलेल्या कागदाचा फोटो मागवला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. फाइल त्यांनी संगणकावर उघडलेलीच नव्हती. लेझर प्रिंटरवर काळी-पांढरी छापून काउंटरच्या काचेखाली सरकवली होती. माझा सुंदर लाल चौकोन करड्या पडद्यावर करडा होऊन गायब झाला होता. दिसत होते फक्त आकडे! तेसुद्धा `Post` आणि `Save` च्या बरोबर मधल्या फटीत, म्हणजे कुठला आकडा कुणाचा ते आपण ठरवायचं.

म्हणून मागच्या शनिवारी सातवी स्लाइड पहिल्यापासून केली. कशी केली ते सांगतो.

आधी एका स्लाइडच्या दोन केल्या. पहिलीवर चार कृती: 1 खातेनंबर टाका, 2 रक्कम टाका, 3 `Save`, 4 `Print`. इथे थांबा, कागद बघा. दुसऱ्या स्लाइडवर एकच कृती: 5 `Post`. आकडे मुद्दाम पुढे चालू ठेवले, नाहीतर दोन कागदांवर दोन 'एक नंबर' होतात. जी कृती मागे घेता येत नाही तिला स्वतंत्र स्लाइड, हा नियम मी आता सगळीकडे लावतो.

मग चित्र कापलं. 1920 पिक्सेल रुंदीचा आख्खा पडदा स्लाइडवर बसवला की अक्षरं मुंगीएवढी होतात आणि छापल्यावर तर चष्मेवाल्यांचे हालच. म्हणून फक्त फॉर्मचा भाग मोठा घेतला, आणि तो पडद्यावर कुठे सापडेल हे कळावं म्हणून कोपऱ्यात पूर्ण पडद्याचं छोटं चित्र ठेवलं.

त्यानंतर चौकोन. आतला रंग `No Fill`, रेघ 3 पॉइंट, गडद लाल. चौकोन बटणापेक्षा जेमतेम मोठा हवा. शेजारचं बटण अर्धं जरी आत आलं तरी वाचणाऱ्याला शंका येते. आकड्याचा गोल चौकोनाच्या डाव्या बाहेरच्या कोपऱ्याला चिकटवायचा, बटणावरचं अक्षर झाकायचं नाही. गोल काढताना `Shift` दाबून धरलं की तो अंडाकृती होत नाही. गोलाला पांढरी कड दिली की गडद पडद्यावरही तो उठून दिसतो. गोलात दोन आकडी संख्या आली की ती फुटून एकाखाली एक होते. त्यासाठी `Format Shape` मध्ये आतले समास शून्य करायचे. एक चौकोन आणि एक गोल मनासारखा जमला की बाकीचे `Ctrl+D` ने काढायचे. दरवेळी नवा काढलात तर प्रत्येकाची जाडी वेगळी होते आणि लोक त्यातही अर्थ शोधतात.

शेवटी `View` मध्ये जाऊन `Grayscale` दाबलं. स्लाइड काळी-पांढरी होते. त्यात चौकोन दिसला नाही तर तो काचेखालीही दिसणार नाही. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि मी ती कधीच केली नव्हती.

आता एक दगाबाज गोष्ट. चौकोन चित्रातच पक्के रंगवायचे की वेगळे ठेवायचे? मी वेगळे ठेवतो, कारण प्रोग्रॅम बदलला की चित्रावर राइट क्लिक करून `Change Picture` म्हणायचं, चौकोन पुन्हा काढावे लागत नाहीत. पण नवा स्क्रीनशॉट जुन्याच मापाचा नसेल तर चित्र सरकतं आणि चौकोन जागचे हलत नाहीत. घरच्या लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग 125 टक्के आहे आणि ऑफिसात 100. घरून एकदा चित्र बदललं तर `Save` वरचा चौकोन नेमका `Post` वर जाऊन बसला. म्हणजे पुन्हा तेच! आता खिडकीचं माप, ब्राउझरचा झूम आणि स्केलिंग, तिन्ही गोष्टी फाइलच्या पहिल्या स्लाइडच्या नोट्समध्ये लिहून ठेवल्या आहेत. आणि चित्र बदललं की प्रत्येक चौकोन डोळ्यांनी बघायचाच.

जाता जाता हेही सांगतो. पहिल्या फाइलमध्ये मी एका खऱ्या सभासदाचं नाव काळ्या पट्टीने झाकलं होतं. पॉवरपॉइंटमधली ती पट्टी कुणीही माउसने बाजूला ओढू शकतो. क्रॉप केलेला भागही फाइलमध्ये तसाच राहतो, `Compress Pictures` मध्ये `Delete cropped areas of pictures` ला टिक करेपर्यंत. म्हणून आता स्क्रीनशॉटच चाचणीच्या डेटाबेसमधून घेतो. झाकायला काही शिल्लकच ठेवायचं नाही.

नवी स्लाइड पाठवायच्या आधी मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. चाचणीचा डेटाबेस उघडून दिला आणि म्हटलं, "मी एक शब्द बोलणार नाही. तुम्ही कागद बघून एक पावती करा." त्यांनी छापलेला कागद समोर धरला. एक, दोन, तीन, चार. कागद बाहेर आला, त्यांनी रकमेवर पेन टेकवून वाचली. मग दुसरा कागद घेतला, पाच.

"दादा, पाचवर काहीतरी लिहा ना मोठ्याने. 'आता परत फिरता येणार नाही' असं."

लिहिलं. आकड्याच्या बाजूलाच, मोठ्या अक्षरात. काल बघितलं, काचेखाली आता फक्त त्या दोन स्लाइड्स आहेत. बाकीच्या तेरा ड्रॉवरमध्ये गेल्यात म्हणे.

असो. त्या तेरांचे चौकोन अजून काढायचे आहेत. पुढचा शनिवारही गेला म्हणायचा.