पावसाची वाटणी, एकेक काप

पाणलोट क्षेत्राचा सरासरी पाऊस काढायचा, तर प्रत्येक पर्जन्यमापकाला किती जमीन द्यायची हे आधी ठरवावं लागतं. अमेरिकी हवामान खात्यातल्या आल्फ्रेड थिसेन यांनी १९११ साली सुचवलेला मार्ग आजही चालतो: प्रत्येक जागेला तिच्या सर्वांत जवळच्या मापकाचा पाऊस लावायचा. मापकाच्या वाट्याला आलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ हा त्याचा भार. कॉलेजात हे आम्ही पट्टी आणि कंपास घेऊन काढलं होतं. नोकरीत पुण्याजवळच्या एका नाल्याच्या कामात ते मला प्रोग्रामने करायचं होतं आणि आत काय चाललंय ते दिसेल अशी पद्धत हवी होती.

मी निवडलेली पद्धत एका वेळी एकाच मापकाचा विचार करते. सगळ्या क्षेत्राला पुरून उरेल अशी आयताकृती चौकट घ्यायची आणि ती पूर्ण त्या मापकाला देऊन टाकायची. मग दुसरा मापक घेऊन दोघांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक काढायचा आणि त्याच्या पलीकडची बाजू कापून फेकायची. असं प्रत्येक मापकाशी केलं की उरतो तो तुकडा.

प्रोग्राम लिहिण्याआधी मी कागदावर एक उदाहरण सोडवलं. चौकट २० × १२ किलोमीटर, म्हणजे २४० चौ. किमी. आपला मापक अ (४, ५) वर. ब आहे (८, ५) वर. त्याचा दुभाजक x = ६; डावीकडे ७२ उरले. क आहे (४, ९) वर. त्याने y = ७ च्या वरचा भाग नेला, उरले ४२. पुढचे दोघे, ड (८, ९) आणि इ (८, १), अपासून सारख्याच अंतरावर, सुमारे ५.६६ किमी. इ-च्या दुभाजकाने खालचा उजवा कोपरा (३, ०) ते (६, ३) असा तिरका छाटला; साडेचार गेले, उरले ३७.५. ड-चा दुभाजक मात्र (६, ७) या कोपऱ्याला नुसता टेकून गेला. अंतर तेच, पण एक कापतो आणि दुसरा नाही. म्हणजे अंतर पाहून शेजारी ठरवता येत नाही. कापूनच पाहावं लागतं.

मग दूरच्या प्रत्येक मापकाशीही कापून पाहायचं का? नाही. उरलेल्या तुकड्याचा अपासून सर्वांत लांबचा कोपरा (०, ०), अंतर ६.४ किमी. त्याच्या दुपटीहून, म्हणजे १२.८ किमीहून, लांब असलेला मापक तुकड्यातल्या कुठल्याही बिंदूला अ-पेक्षा जवळ असूच शकत नाही. (१८, ५) वरचा मापक १४ किमीवर आहे, तिथे थांबायचं. मापक अंतराच्या क्रमाने घेतले की ही मर्यादा ओलांडताच काम संपतं.

कापण्याचं काम एवढंच:

```python
def clip(poly, P, Q):
    nx, ny = Q[0]-P[0], Q[1]-P[1]
    mx, my = (P[0]+Q[0])/2, (P[1]+Q[1])/2
    f = lambda X: (X[0]-mx)*nx + (X[1]-my)*ny
    out = []
    for A, B in zip(poly, poly[1:]+poly[:1]):
        a, b = f(A), f(B)
        if a <= 0: out.append(A)
        if a*b < 0:
            t = a/(a-b)
            out.append((A[0]+t*(B[0]-A[0]),
                        A[1]+t*(B[1]-A[1])))
    return out
```

`f` ऋण असेल तर कोपरा आपल्या बाजूचा, धन असेल तर पलीकडचा. शून्य म्हणजे नेमका रेषेवर, जसा ड-च्या वेळी. तो ठेवायचा, पण त्याच जागी नवा कोपरा घालायचा नाही. नाहीतर शून्य लांबीची बाजू तयार होते.

ऑफिसातल्या एका वरिष्ठ मॅडमनी विचारलं, "चौकट कशाला? पाणलोटाच्या हद्दीपासूनच सुरुवात कर ना." हद्द आत-बाहेर वळलेली असते, त्यामुळे एकाच रेषेने तिचे दोन-तीन सुटे तुकडे पडू शकतात आणि हे फंक्शन त्यांना रेषेवरून जाणाऱ्या खोट्या बाजूंनी जोडून टाकतं. चौकटीला खाच नसते आणि सरळ रेषेने कितीही वेळा कापली तरी पडत नाही. म्हणून हद्द सर्वांत शेवटी, आणि तीही नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये.

प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे निघत असल्यामुळे पडताळा सोपा आहे: सगळ्यांची बेरीज चौकटीएवढी यायला हवी. प्रत्यक्ष यादीवर चालवलं तेव्हा ती जास्त आली. फरक दशांशातल्या किरकोळ चुकीचा नव्हता, एका अख्ख्या तुकड्याएवढा होता. मी तेवढ्याच क्षेत्रफळाचा तुकडा शोधला, तर तो दोनदा सापडला. हाती आलेल्या यादीत एकच केंद्र दोन वेगळ्या स्पेलिंगने नोंदलेलं होतं. दोन्ही बिंदू एकच असले की `nx`, `ny` शून्य होतात, कोणीच कोणाला कापत नाही आणि दोघांनाही तीच जमीन पूर्ण मिळते. एक नोंद काढल्यावर बेरीज जुळली. बेरीज न करता पुढे गेलो असतो, तर त्या केंद्राचा पाऊस सरासरीत दुप्पट भाराने शिरला असता, आणि नकाशावर ते कधीच दिसलं नसतं; कारण एकावर एक पडलेले दोन तुकडे एकच दिसतात.