दुधी भोपळ्याची नाडी

पंचाहत्तरीला मुलाने पुण्याहून स्मार्टवॉच पाठवलं. सोबत चिठ्ठी: "बाबा, सईला सांगा, ती लावून देईल." सई म्हणजे माझ्या मुलीची मुलगी, अकरावी सायन्सला. आमच्या साताऱ्यातच राहते आणि शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे येते. ती येईपर्यंत मी डब्याला हात लावला नाही. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म गेल्यामुळे माहीत नसलेल्या यंत्राचं झाकण उघडायचं नाही, हे अंगात भिनलेलं आहे.

सई आली, चहा झाला आणि पहिला अर्धापाऊण तास माझी नुसती भंबेरी उडाली. घड्याळ चालू करायला किल्ली नाही, बटण दाबून धरायचं. किती वेळ? "ते थरथरेपर्यंत." मग पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला. तो मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचायचा, मग मोबाइलमध्ये घड्याळाचं ॲप उतरवायचं, मग ब्लूटूथ चालू. मोबाइल विचारतो, लोकेशनची परवानगी देता का? मी म्हटलं, "मी घरातच आहे, याला कशाला सांगायचं?" सई म्हणाली, "आबा, दिली नाही तर जोडणारच नाही ते." दिली. मग पडदा डावीकडे सरकवला की एक, उजवीकडे की दुसरं, वरून खाली ओढलं की तिसरंच. माझी बोटं कोरडी, त्यामुळे चार वेळा घासलं तरी पडदा ढिम्म. सईने माझ्या बोटांना थोडं क्रीम चोळलं, तेव्हा कुठे सरकू लागला. मुलाने मराठीत पाठवलेली शुभेच्छा घड्याळात आली ती नुसत्या रिकाम्या चौकोनांची रांग. देवनागरी अक्षरं त्याला भरलेलीच नाहीत म्हणे. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, वेळ तरी दाखवतं ना?"

वेळ दाखवतं. पण मुलाने ते पाठवलं होतं माझ्या नाडीसाठी. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, मेटोप्रोलॉल, आणि डॉक्टरांनी नाडीवर लक्ष ठेवायला सांगितलंय. म्हणून मी सईला म्हटलं, बाकीचं सगळं राहू दे, हा हृदयाचा आकडा कुठून येतो तेवढं समजावून दे. आकडा कुठून येतो हे कळल्याशिवाय मी गाडीच्या मीटरवरसुद्धा विश्वास ठेवलेला नाही.

तिने घड्याळ उलटं केलं. पाठीवर काचेखाली दोन हिरवे दिवे लुकलुकत होते. "आबा, रक्त लाल असतं, म्हणजे ते हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं, तेव्हा कमी प्रकाश परत येतो. दोन ठोक्यांच्या मधे रक्त कमी, तेव्हा जास्त परत येतो. मधला हा काळा ठिपका तो परत आलेला प्रकाश मोजतो. वर-खाली, वर-खाली. मिनिटाला किती वेळा, तो तुमचा आकडा." एवढं मला कळलं. म्हणजे घड्याळ ठोका ऐकत नाही, विजेचा धक्काही टिपत नाही. उजेड बघतं आणि अंदाज बांधतं.

मी पट्टा बांधला तो माझ्या जुन्या एच.एम.टी. जनताचा बांधायचो तसा, सैल, मनगटाच्या हाडावर लोंबता. पडद्यावर नुसत्या दोन रेघा. सईने तो हाडापासून बोटभर वर, कोपराकडे सरकवला आणि एक भोक घट्ट केलं. हाडावर काच टेकत नाही, मधल्या फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. फार आवळलं तर रक्तच दाबलं जातं, तेही चालत नाही. पट्ट्याखाली करंगळी जेमतेम जावी इतपत. तरी आकडा येईना. डिसेंबरातली संध्याकाळ, माझे हात बर्फ झालेले. गारठ्यात कातडीखालच्या वाहिन्या आकसतात, मग उजेडात फरक पडायला रक्तच पुरेसं नसतं. हात शालीत घेऊन बसलो, पाचेक मिनिटांनी आकडा आला: ६४.

आता पडताळा. एच.एम.टी. जनता अजून रोज सकाळी किल्ली देऊन चालवतो, सेकंदकाटा चोख आहे. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या आंगठ्याच्या मुळाशी ठेवली. आंगठ्याने नाडी बघायची नाही, आंगठ्याला स्वतःची नाडी असते, ती चुकवते. तीस सेकंदांत ३२. दुप्पट केले की ६४. मी सईकडे बघितलं. मनात म्हटलं, यंत्र बरं दिसतंय.

तर ही पोरगी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आजीने उद्याच्या भाजीला आणलेला कोवळा दुधी घेऊन आली. माझ्या मनगटावरचं घड्याळ सोडून तिने दुध्याला बांधलं आणि टेबलावर ठेवलं. आम्ही तिघंही बघत बसलो. दिवे लुकलुकले, पडदा विचारात पडला, आणि आकडा आला: ७२.

सौ. म्हणाल्या, "आता ह्याची भाजी कशी करू मी?"

मी मात्र हसलो नाही. वर्कशॉपमध्ये इंजिन बंद असताना तापमानाचा काटा हलला तर आम्ही आधी काटा काढून बघायचो. सईला कारण ठाऊक होतं, कॉलेजात कुणीतरी केळ्यावर हाच प्रयोग केला होता. घड्याळाला समोर कातडी आहे की भाजी, हे नीट कळत नाही. हिरवा प्रकाश कशावर तरी आपटून परत येतोय, म्हणजे हात असावा, असं ते धरून चालतं. मग त्या परतलेल्या प्रकाशातल्या किरकोळ फरकात कुठेतरी ताल सापडतो का, ते शोधत बसतं. शोधत बसलं की सापडतो. महागातल्या घड्याळांत मनगटावर आहे की नाही ते ओळखण्याची सोय जास्त चांगली असते, पण तीही फसल्याची उदाहरणं आहेत. सईचं म्हणणं एवढंच होतं की, "आकडा आला म्हणजे मोजला गेला, असं समजू नका."

दुध्याला हृदय नव्हतं, मला आहे. मग माझ्याही बाबतीत ते फसतं का, हे बघायला मी त्याची परीक्षा घेतली. शनिवारी आमच्या मंडळाचं भजन असतं, टाळ घरीच होते. घड्याळ परत मनगटावर, नीट बांधून. शेवटच्या गजराला जी लय धरतो ती धरली आणि बसल्या जागी दोनेक मिनिटं टाळ वाजवले. सई पडद्याकडे बघत होती. ७०, ७८, ९६, मग एकदम १३२ आणि तिथेच चिकटलं. "आबा, थांबा, थांबा!" मी टाळ ठेवले, लगेच बोटं नाडीवर. पंधरा सेकंदांत २१. म्हणजे ८४. घड्याळ अजून १३१ म्हणत होतं, मग हळूहळू मिनिटभरात ८५ वर आलं.

सईने मला तीच लय पुन्हा धरायला लावली आणि टाळांचे ठोके मोजले. पंधरा सेकंदांत ३३. चौपट केले की १३२.

घड्याळाने माझं हृदय मोजलंच नव्हतं, टाळ मोजले होते. हात हलला की पट्टा सरकतो, रक्तही हिंदकळतं, आणि परतणाऱ्या उजेडात त्या हालचालीची लाट ठोक्याच्या लाटेपेक्षा कितीतरी मोठी होते. घड्याळात हालचाल ओळखणारा दुसरा भाग असतो, तो ही लाट वजा करायचा प्रयत्न करतो. पण हालचाल एकसारख्या लयीत असेल आणि ती लय माणसाच्या नाडीत शोभेल अशी असेल, तर त्याला हा ताल कोणता आणि तो कोणता हे सुटत नाही. झपझप चालणाऱ्यांच्या, धावणाऱ्यांच्या बाबतीत हेच होतं, पावलांचा आकडा नाडी म्हणून दिसतो. खूण सोपी आहे. आकडा हळूहळू न चढता उडी मारून वर गेला, तिथे खिळून बसला आणि दम मात्र लागलेला नाही, तर बोटांनी मोजावं. जाता जाता सांगतो, त्या गजरात माझ्या नावावर दोनशेवर पावलंही जमा झाली, मी खुर्चीतून उठलेलो नसताना. मंडईत ढकलगाडी ढकलताना उलटं होतं. हात हलत नाही, पावलं मोजलीच जात नाहीत.

ॲपने आणखी एक गोष्ट परस्पर ठरवली होती. जन्मवर्ष टाकल्याबरोबर त्याने २२० मधून ७५ वजा केले आणि १४५ ही माझ्या नाडीची कमाल मर्यादा लिहून टाकली. त्यावरून "हलका व्यायाम", "जोराचा व्यायाम" अशा रंगीत पट्ट्या आखल्या. मेटोप्रोलॉल नाडी मुद्दाम खाली ठेवतं. मी जिना चढून धापा टाकत असलो तरी माझी नाडी त्या वरच्या पट्टीत जायची नाही, आणि घड्याळ म्हणणार की आबा आरामात आहेत. अशी गोळी घेणाऱ्याने त्या पट्ट्यांकडे बघूच नये. बोलता येतंय का, दम किती लागलाय, हे बघावं. रक्तदाबाचाही एक आकडा त्यात आहे, १२०/८० च्या आसपास घोटाळणारा. दंडाला पट्टा न फुगवता तो कुठून आणला हे सईलाही सांगता येईना. मी तो पान सरकवून पार शेवटी टाकायला लावला. दंडाचं मशीन कपाटात आहे, ते तिथेच राहील.

मग हे घड्याळ कशाला वापरायचं? मी वापरतो, आणि खुशीने वापरतो. रात्री झोपेत आणि सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर आणि ऊबदार असताना, त्याचा आकडा माझ्या बोटांच्या मोजणीशी जुळतो. ते आकडे मी वहीत उतरवतो आणि डॉक्टरांना दाखवतो. एखाद्या दिवसाचा आकडा नाही, महिन्याचा कल. नाडी अधूनमधून ठोका चुकवत असेल तर तीस सेकंद पुरत नाहीत, पूर्ण मिनिट बोटांनीच मोजावं आणि डॉक्टरांच्या कानावर घालावं.

माझ्या वयाच्या मंडळींनो, घड्याळ आलं तर पहिल्याच दिवशी त्याचा आकडा बोटांशी ताडून बघा: शांत बसून एकदा, चालून आल्यावर एकदा. आणि एक नीट लक्षात ठेवा, हिरवा दिवा हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. छातीत कळ आली, डावा हात भरून आला, दरदरून घाम फुटला, तर मनगटावर ७२ दिसत असले तरी बघत बसू नका. १०८ ला फोन लावा.