तक्रारपत्र

दहावीच्या मुलांना मी दरवर्षी तक्रारपत्र शिकवते. राग नको, तपशील द्या, असे सांगते. परवा स्वतःवर वेळ आली, तर पहिला मसुदा नुसता रागाचा झाला. तो फाडला आणि पावती शोधली.

3 जूनला कंपनीच्या माणसाने स्वयंपाकघरात फवारणी केली, कपाटांच्या बिजागऱ्यांपाशी जेलचे ठिपके लावले. पंधरा दिवस बरे गेले. 28 जूनच्या रात्री दिवा लावला, तर ओट्यावर तिळाएवढी पिल्ले पळताना दिसली. मोठे झुरळ एकच.

पत्राचा मुद्दा इथेच होता. ही जर्मन झुरळे. मादीच्या एका पिशवीत तीस-चाळीस अंडी असतात आणि फवारा पिशवीच्या आत पोहोचत नाही. मोठी मरतात, पिल्ले नंतर निघतात. त्यासाठीच दुसरी फेरी असते. ती पावतीवर लिहिलेली होती, पण कुणी आलेच नाही.

एका वाक्यावर मात्र अडले. अम्मींनी ते ठिपके डाग समजून पुसले होते. पुसू नका, हे त्यांना सांगायचे मीच विसरले होते. लपवले असते तर पत्र भक्कम दिसले असते. पण मग वर्गात कोणत्या तोंडाने शिकवू? लिहिले.

शेवटी मागणी: पैसे परत नकोत, राहिलेली फेरी द्या. सिंकखाली आणि फ्रिजच्या मोटरमागे जेल लावा. त्यावर फवारू नका. फवारा लागलेले जेल झुरळे खात नाहीत.

आता उत्तराची वाट पाहते आहे. पत्राची प्रत मात्र उद्या वर्गात नेईन, त्या वाक्यासकट.