लंडनच्या वरचा तो

झवेरी बाजारातल्या ठोक व्यापाऱ्यांच्या तोंडी तो दिवसभर असतो, पण गिऱ्हाइकाच्या पावतीवर कधी दिसत नाही. तिथे घडणावळीची ओळ असते, जीएसटीची असते. हा मात्र दराच्या आकड्यातच मिसळून गेलेला असतो. त्याचं नाव प्रीमियम. फोनवर कोणी "किती वर?" असं विचारलं, तर ती त्याचीच चौकशी असते. "चार वर" किंवा "सहा खाली" असं उत्तर येतं, तेव्हा आकडा एका औंसामागच्या डॉलरचा असतो.

तो वजाबाकीतून जन्मतो. लंडनमध्ये सोन्याचा अधिकृत दर दिवसातून दोनदा, सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला ठरतो. समजा, तो औंसाला 2,400 डॉलर आहे आणि डॉलर 84 रुपयांना आहे. औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, म्हणून दहा ग्रॅमचे झाले सुमारे 64,800 रुपये. त्यावर सहा टक्के आयात शुल्क धरलं, की सोनं मुंबईत 68,700 ला पडतं. बाजारात मात्र तेच सोनं जीएसटी सोडून 69,000 ला विकलं जातंय. हे वरचे तीनशे रुपये म्हणजे आपला गडी. औंसाच्या हिशेबात सुमारे अकरा डॉलर.

हे तीनशे रुपये कोणी का देतो? दसरा-दिवाळीच्या आधी सराफांना माल आज हवा असतो, आणि आयात करणाऱ्या बँकांच्या तिजोरीत असतो तेवढाच असतो. परदेशातून नवी खेप यायला काही दिवस लागतात. त्या काही दिवसांच्या घाईची किंमत म्हणजे तो. म्हणूनच त्याला फार काळ उंच राहता येत नाही. तो चढला की आयातदार माल मागवतात, आणि माल आला की तो उतरतो. स्वतःला संपवणारं काम तो इमानानं करतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो तो यामुळेच.

पण हा विश्वास सरसकट ठेवता येत नाही. 2013 मध्ये तो औंसाला 160 डॉलरपर्यंत गेला होता. मागणीचा पूर आला होता का? उलट होतं. चालू खात्यातली तूट आवरण्यासाठी सरकारनं आयात शुल्क वाढवत दहा टक्क्यांवर नेलं आणि रिझर्व्ह बँकेनं 80:20 चा नियम आणला: आयात केलेल्यातलं वीस टक्के सोनं आधी निर्यात करा, मगच पुढची खेप. मे महिन्यात सुमारे 162 टन आलेलं सोनं पुढच्या काही महिन्यांत त्याच्या लहानशा अंशावर आलं. गावाच्या नळाला पाणी नसलं की टँकरचा भाव चढतो. त्यावरून गावाची तहान वाढली असं कोणी म्हणत नाही. त्या वर्षीचा प्रीमियम टँकरचा भाव होता.

जुलै 2024 मध्ये तो पुन्हा उसळला, तेव्हा गोष्ट वेगळी होती. अर्थसंकल्पात शुल्क पंधरा टक्क्यांवरून सहावर आलं, दर घसरले आणि आधी डिस्काउंटमध्ये पडून असलेला हा गडी काही दिवसांत दशकातल्या उच्चांकावर गेला. आयातीचा दरवाजा उघडा होता, तरी तो चढला. त्या वेळी त्याचं म्हणणं मागणीबद्दलच होतं.

तो खाली जातो, तेव्हाही तपासून घ्यावं लागतं. दर अचानक भडकले की गिऱ्हाईक थांबतं आणि घरातलं जुनं सोनं मोडीत येतं. ही मागणीची खरी ओहोटी. पण शुल्क जास्त असेल, तर ते चुकवून आलेलं तस्करीचं सोनंही त्याला खाली खेचतं. दागिने विकले जात असतात आणि आकडा मात्र मंदी दाखवतो. शिवाय एक बारीक खोच आहे. शुल्क रोजच्या दरावर लागत नाही, सरकार साधारण पंधरवड्यानं जाहीर करतं त्या मूल्यावर लागतं. मधल्या काळात जागतिक दर पाच टक्के वाढला, तर शुल्क जुन्याच मूल्यावर भरलं जातं आणि वरच्या हिशेबात औंसाला सात डॉलरचा फरक पडतो. "सात खाली" दिसलं, तरी एकही गिऱ्हाईक कमी झालेलं नसतं.

माझ्या मते तो प्रामाणिक साक्षीदार आहे, पण एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये. प्रीमियम वाढल्याची बातमी वाचलीत, की त्याच महिन्यांचा आयातीचा आकडाही पाहा. दोन्ही वाढले असतील तर लोक सोनं घेत आहेत. प्रीमियम वर आणि आयात खाली असेल, तर आधी सरकारचा नवा नियम शोधा.