एका लॅपटॉपचे दोन पहारेकरी

वडगाव रासाईच्या आमच्या दुकानातील जुन्या लॅपटॉपवर जीएसटीची फाईल उतरवण्यास फार वेळ लागे, आणि सर्वजण दोष नेटवर्कला देत. परंतु ज्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप अडखळे, त्याच मोबाईलवर तीच फाईल क्षणात उतरे. म्हणजे अडथळा लॅपटॉपमध्येच होता.

फाईल उतरत असताना Ctrl+Shift+Esc दाबून Task Manager उघडला. Disk या रकान्यात १००% दिसत होते आणि यादीत वरच्या बाजूस दोन अँटिव्हायरस होते. एक पूर्वीचा, दुसरा पुढे विक्रेत्याने घातलेला. नवी फाईल डिस्कवर येताच दोघेही ती उघडून तपासत. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला ही दुहेरी धावपळ झेपत नाही.

संकेतस्थळे संथ उघडण्याचे कारण निराळे. फायरवॉल कोणाला आत-बाहेर जाऊ द्यायचे एवढेच पाहते; तिचा भार सहसा अल्प असतो. वेळ जातो तो वेब-संरक्षणात. ते सुरक्षित पान वाटेत उघडून वाचते आणि स्वतःच्या प्रमाणपत्रासह पुढे पाठवते. ब्राउझरमध्ये प्रमाणपत्र पाहिल्यास ते देणाऱ्याच्या जागी अँटिव्हायरसचेच नाव आढळते. बँकेचे व्यवहार करणाऱ्याने हे एकदा तरी पाहून ठेवावे.

पूर्वीचा अँटिव्हायरस काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. फाईल रखडेनाशी झाली. फायरवॉलही बंद करावी आणि Downloads फोल्डर तपासणीतून वगळावा, असे चिरंजीवांचे म्हणणे होते. दोन्ही मी मानले नाही. नेटवरून घेतलेली फाईल सहसा प्रथम त्याच फोल्डरमध्ये उतरते.