दहा मीटरचा चौकोन

हॉकीची काठी मुलांच्या हाती देणे सोपे, पण ती कुठे आणि कशी फिरवायची हे शिकवणे अवघड. ही गोष्ट आम्ही एका मुलीच्या कपाळावरच्या तीन टाक्यांमुळे शिकलो. चूक आमचीच होती, म्हणून लपवून न ठेवता सांगतो.

दिंडोरीत आम्ही कचेरीतले काम आटोपून रविवारी सकाळी आणि अधूनमधून सायंकाळी वस्तीतल्या मुलांना मैदानावर नेतो. बहुतेकांचे आईवडील द्राक्षबागेत मजुरीला जातात. एका ओळखीच्या गृहस्थांनी 14 जुन्या स्टिका दिल्या आणि 24 मुलेमुली जमली. आम्हाला हॉकी थोडीफार येत होती, शिकवणे येत नव्हते. पहिल्या दिवशी आम्ही काय केले, तर एक चेंडू टाकला, दोन्हीकडे दोन विटा ठेवल्या आणि शिट्टी वाजवली. सगळी पोरे मधमाश्यांसारखी त्या एका चेंडूवर तुटून पडली. एका मुलाने क्रिकेटच्या बॅटसारखी स्टिक मागे उचलली. ती मागे उभ्या असलेल्या सहावीतल्या मुलीच्या भुवईवर बसली.

दवाखान्यात तिची आई आली. तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, दोन बोटं खाली लागली असती तर डोळा गेला असता. आता ती येणार नाही." आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री वहीत मैदान काढून बसलो, तेव्हा ध्यानात आले की दोष काठीत नव्हता. एवढ्या मोठ्या जागेत 14 काठ्या एकाच चेंडूकडे धावल्या, आणि मारायचे कसे हे शिकण्याआधीच मुले मारू लागली. इजा होते ती गर्दीमुळे आणि चुकीच्या क्रमामुळे.

पुढच्या रविवारी आम्ही दहा मीटरची दोरी आणि फक्की घेऊन गेलो. दहा बाय दहा मीटरचे तीन चौकोन एका ओळीत आखले. दोन चौकोनांच्या मध्ये पाच मीटर मोकळी जागा ठेवली. म्हणजे लांबी झाली चाळीस मीटर, आपल्या मैदानात सहज बसणारी. एका चौकोनात चार मुले, म्हणजे एका वेळी बारा मुले खेळणार. उरलेली बारा स्टिकविना रेषेच्या तीन मीटर बाहेर उभी राहणार आणि दर पाच मिनिटांनी पाळी बदलणार. वर्गणी काढून नडगीवर बांधायच्या पॅडचे बारा जोड घेतले. चौकोनात शिरणाऱ्याने पॅड बांधायचेच. मैदान मुरमाचे, म्हणून आधी खडे वेचायचे आणि थोडे पाणी मारायचे, नाहीतर चेंडू उसळतो. हॉकीचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतकाच जड व टणक असतो.

नियम थोडेच ठेवले, कारण लांबलचक यादी मुलांच्या लक्षात राहत नाही. पहिला, स्टिकचे टोक गुडघ्याच्या वर जायचे नाही. मोठ्यांच्या सामन्यात हा नियम नाही, तो आमच्या नवशिक्यांसाठी आहे. दुसरा, चेंडू मारायचा नाही, फक्त ढकलायचा, आणि जमिनीलगतच ठेवायचा. तिसरा, चेंडू चौकोनाबाहेर गेला की त्याच्यामागे धावायचे नाही, "चेंडू!" असे ओरडायचे आणि शेजारच्या चौकोनाने थांबून तो हाताने परत द्यायचा. चौथा, लांब शिट्टी वाजली की जिथे असाल तिथे स्टिक जमिनीवर ठेवायची. हा चौथा नियम आम्ही आधी पाच-सहा वेळा नुसता सरावाला घेतला. त्यानंतरच चेंडू बाहेर काढला. स्टिकची चिलपी निघालेली असेल तर ती काठी त्या दिवशी बाद. पुण्याजवळच्या खडकीत वाढलेले धनराज पिल्ले लहानपणी मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन धुळीत शिकले आणि पुढे चार ऑलिंपिक खेळले. मुलांना ही गोष्ट सांगतो. पण चिलपी हातात घुसू शकते, हेही त्याच दमात सांगतो.

आता शिकवण्याचा क्रम सांगतो. आधी पकड. डावा हात काठीच्या अगदी वरच्या टोकाला आणि उजवा हात त्याच्या खाली साधारण वीतभर अंतरावर. गुडघे वाकलेले, चेंडू उजव्या पायाच्या पुढे, थोडा बाहेरच्या बाजूला. एक डावखुरा मुलगा आमच्याकडे रडवेल्या तोंडाने आला. त्याला वाटले, आपल्यासाठी वेगळी काठी असेल. हॉकीत डावखुऱ्यांची वेगळी काठी नसते, सगळ्यांची एकाच बाजूची असते, आणि चेंडूला फक्त तिची सपाट बाजू लावायची, मागची गोल बाजू नाही. त्याला सांगितले की या खेळात काठी फिरवण्याचे खरे काम डाव्या हाताचेच असते. तो लगेच खुलला.

मग चेंडू पुढे नेणे. समोरासमोरच्या दोन रेषांवर दोघे दोघे उभे करायचे. एका जोडीने पूर्व-पश्चिम जायचे, दुसरीने उत्तर-दक्षिण. प्रत्येक जोडीला एक चेंडू. एकाने चेंडू काठीला चिकटवून पलीकडे न्यायचा आणि साथीदाराकडे द्यायचा. दोन्ही वाटा मध्यावर एकमेकींना छेदतात, म्हणून मान वर करून पाहावेच लागते. पाहिले नाही तर टक्कर. सुरुवातीला चालतच न्यायला लावतो. आम्ही समोर उभे राहून हाताची बोटे वर करतो आणि चेंडू नेणाऱ्याने किती बोटे ते मोठ्याने सांगायचे. ज्याला सांगता येते, त्याचीच गती वाढवायची.

त्यानंतर चेंडू डावीकडे-उजवीकडे खेळवणे. जग ज्याला इंडियन ड्रिबल म्हणते, ते हेच. प्रथम जागेवर उभे राहून, एका वीतभर अंतरात. चेंडू उजवीकडून डावीकडे ढकलला की काठी फिरवून तिचे टोक खाली करायचे आणि त्याच सपाट बाजूने चेंडू परत आणायचा. फिरवायची ती डाव्या मनगटाने. उजवा हात सैल ठेवायचा, पाइपातून दांडा फिरावा तशी काठी उजव्या मुठीत फिरली पाहिजे. चूक ओळखायची खूण सोपी आहे. चेंडू एका बाजूने नेमका निसटत असेल आणि उजवा कोपरा पंखासारखा हालत असेल, तर मुलगा उजव्या हाताने काठी फिरवतो आहे असे समजावे. तेव्हा त्याला उजवी मूठ थोडी उघडी ठेवायला लावायची. दोन-तीन दिवसांत फरक पडतो. न पडल्यास पुढे नेऊ नये.

मग पास. मुलांना पास द्यायला आवडते, घ्यायला नाही. आम्ही उलट केले, घेणे आधी शिकवले. पाच मीटरवर दोघे समोरासमोर. चेंडू येताना काठीचा दांडा चेंडूच्या दिशेने थोडा पुढे झुकलेला ठेवायचा आणि चेंडू लागताच हात किंचित मागे सैल सोडायचे. दांडा मागे झुकला तर काठीचा सपाट भाग उतरणीसारखा होतो, चेंडू त्यावर चढून थेट नडगीवर किंवा तोंडावर येतो. कानानेही कळते. "टक" असा कडक आवाज आला की हात ताठ आहेत. मऊ आवाज आला की चेंडू जवळच थांबतो. देताना चेंडूला काठी आधीच टेकलेली असावी, डावा खांदा साथीदाराकडे, शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर. काठी मागे उचललीच नाही, तर मागच्याला लागणार कशी? भुवईच्या तीन टाक्यांचे उत्तर आम्हाला या एका सवयीत मिळाले.

शेवटी तिघे विरुद्ध एक. चौकोनात तिघांनी चेंडू आपसात फिरवायचा, चौथ्याने काठी जमिनीवर टेकवूनच मध्ये येऊन अडवायचे, टोचायचे किंवा हाणायचे नाही. सलग किती पास झाले ते बाहेरच्यांनी मोजायचे. पहिल्यांदा आमच्या मुलांचे दोनच पास व्हायचे आणि चेंडू जायचा. आम्ही रागावलो नाही, चौकोन बारा मीटरचा केला. मग पाच-सहा पास होऊ लागले. दहा पास सहज होऊ लागले, तेव्हा परत दहा मीटरवर आलो. दोन पासांत खेळ मोडतो तेव्हा जागा कमी असते, फार सोपा जातो तेव्हा जागा जास्त असते. चेंडू कोणाकडे आहे त्यापेक्षा इतर दोघे कुठे उभे आहेत हे पाहायचे. दोघे एकाच रेषेत, अडवणाऱ्याच्या मागे लपले असतील, तर पास देणारा बिचारा काय करणार? त्यांना बाजूला सरकून काठी जमिनीवर दाखवायला सांगितले की वाट उघडते.

गोलाकडे मारणे आम्ही अजून घेतले नाही. गोलकीपरला हेल्मेट, हातमोजे, पायाचे जाड पॅड असे पूर्ण साहित्य लागते. ते येईपर्यंत दोन विटांच्या दारातून पास काढायचा, एवढेच. मारण्याचा फटका शिकवण्याचीही आम्हाला घाई नाही, कारण त्यासाठी मुरमाचे मैदान आणि चार पावलांचे अंतर पुरत नाही.

तीन आठवड्यांनी ती मुलगी आली. आईसोबत. भुवईवरची खूण अजून ताजी दिसत होती. आई रेषेबाहेर तीन मीटरवर उभी राहिली, आमच्या नियमाप्रमाणेच. आम्ही मुलीला पॅड दिले, लांब शिट्टी वाजवली. सगळ्या स्टिका एका दमात जमिनीवर गेल्या. आईने ते पाहिले. तिने आम्हाला काही म्हटले नाही, मुलीला म्हणाली, "बघ, शिट्टी झाली की काठी खाली ठेवायची." मग ती रेषेजवळच्या दगडावर बसली.

चौकोनात पाळी आली तेव्हा आम्ही तिला आधी घेण्याच्या बाजूला उभे केले. पहिला चेंडू आला आणि तिने दांडा मागे टाकला, चेंडू वर उसळून पॅडवर आदळला. "दांडा पुढे," तिच्या साथीदाराने सांगितले, तोच मुलगा, ज्याची काठी तिला लागली होती. पुढचा चेंडू आला. आवाज मऊ आला.